मदत हवी आहे: अडीच वर्षांची चक्रवाढ, उरलेल्या अर्ध्या वर्षाचं काय करायचं?

रासकिती

मुद्दल १,००,०००, दर द.सा.द.शे. १२, चक्रवाढ वार्षिक, मुदत २ वर्षे ६ महिने. पहिल्या दोन वर्षांची रास १,२५,४४०, तिथवर शंका नाही. पुढच्या सहा महिन्यांना मात्र तीन उत्तरं येतायत.

घातांकात सरळ २.५ घातला तर १,३२,७५३.२२.
१,२५,४४० वर सहा महिन्यांचं सरळव्याज, म्हणजे ६ टक्के, धरलं तर १,३२,९६६.४०. पुस्तकात मागे हेच उत्तर दिलंय.
वर्षाला १२ म्हणजे सहामाहीला ६ असं धरून पाच टप्पे केले तर १,३३,८२२.५६.

यातलं कोणतं खरं? आणि दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा २१३.१८ ने जास्त कसं आलं? सरळव्याज लावल्यावर रास कमी व्हायला हवी ना?

पाढेपाठ

तिसरं उत्तर बाजूला ठेवा. ती सहामाही चक्रवाढ झाली, तुमच्या उदाहरणात चक्रवाढ वार्षिक आहे.

उरलेल्या दोनांत तुमची शंका रास्त आहे. चक्रवाढीत व्याजावर व्याज मिळतं, त्यामुळे ती सरळव्याजापेक्षा नेहमी जास्तच असते. पहिलं उत्तर मोठं यायला हवं. वर्गमूळ काढताना काहीतरी चुकलंय, पुन्हा करून बघा.

अर्धाछेद

वर्गमूळ चुकलेलं नाही. १.१२ चं वर्गमूळ १.०५८३००५, आणि १,२५,४४० ला त्याने गुणलं की १,३२,७५३.२२ च येतात. पाढेपाठ, तुमचं विधान एका पूर्ण टप्प्याहून जास्त मुदतीला खरं आहे. टप्पा पूर्ण होण्याआधी ते उलटं होतं.

कारण असं. वर्षभरात १०० चे ११२ व्हायचे, हे ठरलेलं आहे. घाताच्या पद्धतीत आपण असा सहामाही दर शोधतो की तो दोनदा लावल्यावर बरोबर १.१२ येईल. तो दर ५.८३००५ टक्के. सरळव्याजात आपण ६ टक्के देतो. पण ६ टक्के दोनदा चढवले तर १.१२३६ होतात, १.१२ नाही. म्हणजे पहिल्या सहामाहीत थोडं जास्त दिलं जातं, आणि वर्षाचा हिशेब जुळायचा तर दुसऱ्या सहामाहीत तेवढं कमी दिलं जातं.

आलेख काढला तर लगेच दिसेल. घाताचा वक्र खाली पोट काढून वर चढतो आणि सरळव्याज ही त्याच्या दोन टोकांना जोडणारी जीवा. वर्षाच्या सुरुवातीला १,२५,४४० आणि शेवटी १,४०,४९२.८०, या दोन्ही ठिकाणी त्या भेटतात. मधे जीवा वर, वक्र खाली. १,२५,४४० आणि १,४०,४९२.८० यांची सरासरी काढा, नेमके १,३२,९६६.४० येतील. पुस्तकाचं उत्तर म्हणजे हा मधला बिंदू. वर्ष संपलं की मात्र वक्र जीवेच्या रेषेच्या वर निघून जातो, आणि तिथून पुढे पाढेपाठ म्हणतात तेच खरं.

पाढेपाठ

१.०६ चा वर्ग करून बघितला, पटलं. वर्षाच्या आत सरळव्याज वर, वर्ष ओलांडलं की चक्रवाढ वर. माझं पहिलं वाक्य मागे घेतो. पण मग हा फरक कधी मोठा आणि कधी दुर्लक्ष करण्याजोगा?

अर्धाछेद

अंदाजासाठी एक सोपं सूत्र आहे. टप्प्याचा उरलेला भाग f आणि टप्प्याचा दर i, तर टप्प्याच्या सुरुवातीच्या दर १ मागे फरक साधारण

```
f * (1 - f) * i^2 / 2
```

इथे f = ०.५ आणि i = ०.१२, म्हणजे ०.००१८. त्याला १,२५,४४० ने गुणलं तर २२५.७९. खरा फरक २१३.१८ आहे, म्हणजे अंदाज किंचित वर जातो, पण कागदावर झटपट तपासायला पुरतो.

यातला i चा वर्ग महत्त्वाचा. दर निम्मा केला की फरक जवळजवळ चौथाई होतो: वर्षाच्या सुरुवातीला १,००,००० असतील तर १२ टक्क्यांना सहा महिन्यांचा फरक १७० च्या आसपास, ६ टक्क्यांना ४४ च्या आसपास. आणि f * (1 - f) मुळे फरक टप्प्याच्या मध्याजवळ सर्वांत मोठा होतो, दोन्ही टोकांकडे विरून जातो.

ठेवपावती

माझ्या ठेवीतही असाच घोळ दिसतोय. मुद्दल १,००,०००, दर १२, व्याज तिमाही चक्रवाढीने, मुदत २९ महिने. मी २ वर्षे पूर्ण धरली आणि ५ महिने म्हणून ५/१२ चं सरळव्याज लावलं. पावतीवरची रास १,३३,०८६.८६ आहे, माझी जुळत नाही. त्यांनी जास्त दिलंय का?

अर्धाछेद

तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अपूर्णांक नेहमी चक्रवाढीच्या टप्प्याचा काढायचा, वर्षाचा नाही. तुमचा टप्पा तीन महिन्यांचा आणि त्याचा दर ३ टक्के. २९ महिन्यांत ९ पूर्ण तिमाह्या बसतात आणि २ महिने उरतात, म्हणजे f = २/३. नऊ तिमाह्यांनंतर १,३०,४७७.३२. त्यावर दोन महिन्यांचं सरळव्याज २ टक्के, की पावतीवरचा आकडा मिळतो. तुम्ही पाच महिने सलग सरळव्याजात टाकलेत, त्यात एक पूर्ण तिमाही चक्रवाढीतून सुटली. पहिल्या दोन वर्षांनाही ३ टक्क्यांच्या आठ तिमाह्या धरल्यात ना, तेही बघा.

घाताने केलं असतं तर शेवटच्या दोन महिन्यांचा गुणक १.०२ ऐवजी १.०१९९०१३ आणि रास साधारण १३ ने कमी. टप्पा लहान म्हणून i लहान, म्हणून फरकही लहान. महिन्याला चक्रवाढ असेल तर रासकिती यांची अडीच वर्षं ३० पूर्ण टप्पे होतात, अपूर्णांक उरतच नाही.

सेलसूत्र

स्प्रेडशीटमध्ये करणाऱ्यांसाठी. खालच्या पहिल्या दोन ओळी १,३२,७५३.२२ देतात, तिसरी १,३२,९६६.४०.

```
=100000*1.12^2.5
=FV(0.12,2.5,0,-100000)
=100000*1.12^INT(2.5)*(1+0.12*(2.5-INT(2.5)))
```

म्हणजे FV ला अपूर्णांकी मुदत दिली तर ते मुकाट घात लावतं. पुस्तकाशी उत्तर जुळत नाही ते बहुतेक वेळा यामुळे. XIRR सुद्धा दिवस भागिले ३६५ असा घातच वापरतं. HP-12C या कॅल्क्युलेटरवर दोन्ही पद्धती आहेत: STO EEX दाबलं की पडद्यावर C दिसतो आणि उरलेल्या भागाला घात लागतो; पुन्हा दाबून C घालवला की सरळव्याज. एकाच यंत्रावर दोघांना वेगळी उत्तरं आली तर आधी तो C बघा.

रासकिती

मुदत शोधायची असेल तर? १२ टक्क्यांनी १,००,००० चे १,५०,००० किती काळात होतील, असं पुढचं उदाहरण आहे.

अर्धाछेद

तिथेही दोन उत्तरं. घाताने log(1.5)/log(1.12), म्हणजे ३.५७७८ वर्षं. सरळव्याजाने करायचं तर आधी तीन वर्षांची रास १,४०,४९२.८० काढा, मग उरलेले ९,५०७.२० भागिले चौथ्या वर्षाचं पूर्ण व्याज १६,८५९.१४. येतात ०.५६३९, म्हणजे ३.५६३९ वर्षं. सरळव्याजाची रेषा वर असल्याने ती लक्ष्याला सुमारे पाच दिवस आधी पोचते.

इथली नेहमीची चूक म्हणजे लॉगने आलेला ०.५७७८ घेऊन पडताळा मात्र सरळव्याजाने घेणं. मग रास १,५०,२३४ च्या आसपास येते आणि माणूस लॉगवर संशय घेतो. ज्या पद्धतीने काढलं त्याच पद्धतीने पडताळा घ्या.

सेलसूत्र

पूरक माहिती: HP-12C वर n काढलात तर ४ दिसेल, ३.५८ नाही. ते यंत्र मुदत वरच्या पूर्णांकाला नेतं.

वहीखाते

मला सरळव्याजाची वेगळी अडचण दिसते. सहा महिने एकदम घेतले तर १,३२,९६६.४०. पण तीन महिन्यांनी खातं बंद करून रास काढली आणि तीच पुढे तीन महिने ठेवली, तर गुणक १.०३ दोनदा लागतो, रास १,३३,०७९.३०. दर महिन्याला असं केलं तर १,३३,१५७.०९. मधे थांबून हिशेब केला म्हणून रास वाढावी, हे मला पटत नाही. घाताने सहा महिन्यांचे कितीही तुकडे केले तरी १,३२,७५३.२२ च येतात. म्हणून खरी पद्धत घाताचीच.

अर्धाछेद

तुकड्यांबद्दलचं निरीक्षण अचूक आहे, आणि घाताची बाजू घ्यायला तेच सर्वांत भक्कम कारण. निष्कर्ष मात्र मी एवढा पुढे नेणार नाही. करारात 'व्याज वर्षाअखेर मुद्दलात जमा' असं असेल तर वर्षाच्या मधे मुद्दलात काही जमा होतच नाही, रोजचं व्याज समान हप्त्याने साचत जातं. तो करार सरळव्याजाच्या जीवेचाच आहे. तिथे वर्षाच्या मधे थांबून साचलेलं व्याज मुद्दलात मिळवणं, हीच चूक. उलट 'वार्षिक परतावा १२ टक्के' एवढंच म्हटलं असेल, तर मधल्या कोणत्याही तारखेला घात.

वहीखाते

आणि करारात फक्त 'वार्षिक चक्रवाढ' एवढंच लिहिलं असेल तर? बहुतेक उदाहरणं अशीच असतात.

अर्धाछेद

मग नुसत्या गणिताने निकाल लागत नाही. पुस्तकातल्या उदाहरणाला मी सरळव्याज धरेन, कारण सोडवलेली उदाहरणं त्याच रीतीची असतात. प्रत्यक्ष व्यवहारात सही करण्याआधी लेखी विचारेन.

पाढेपाठ

सहा महिने म्हणजे ०.५ हे तरी पक्कं का? १ जानेवारी ते १ जुलै १८१ दिवस, १ जुलै ते १ जानेवारी १८४. वर्षाचं १५,०५२.८० व्याज ३६५ दिवसांवर वाटलं तर सहा महिन्यांचं एकदा ७,४६४.५४ आणि एकदा ७,५८८.२६. हा फरक १२३.७२ चा, म्हणजे ज्या २१३ साठी आपण भांडतोय त्याच्या निम्म्याहून जास्त.

रासकिती

माझ्या उदाहरणात तारखाच दिलेल्या नाहीत, त्यामुळे ०.५ धरून १,३२,९६६.४० लिहितेय आणि खाली 'शेवटच्या सहा महिन्यांना सरळव्याज' अशी टीप जोडतेय. पुढच्या उदाहरणात तारखा आहेत, १५ फेब्रुवारी ते ३ ऑगस्ट, आणि वर्ष लीप आहे. तिथे दिवस ३६५ ने भागायचे की ३६६ ने?

वहीखाते

३६५. छेद ठरलेला असतो.

अर्धाछेद

तोही करारात ठरतो, वहीखाते. ३६५ आणि ३६६ दोन्ही रीती चालतात. उदाहरणात काही म्हटलंय का ते आधी बघा. २९ फेब्रुवारी मोजून तुमचे १७० दिवस होतात.