टोमॅटो आणि रेपो दर

> २०२३च्या जुलैत महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, तरी रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५ वरच का ठेवला?

कारण ती उडी मुख्यतः भाजीपाल्याची होती, आणि रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो व्याजदर, वाढवून टोमॅटोचं पीक लवकर येत नाही. नवा माल बाजारात आला आणि सप्टेंबरमध्ये महागाई ५.०२ टक्क्यांवर उतरली. दरवाढीचा परिणाम दिसायला कित्येक महिने लागतात, तोवर हा धक्का ओसरलेला असतो.

शिवाय दरवाढ पोचते कुणापर्यंत? रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचा व्याजदर लवकरच वाढतो. पण सकाळी सावकाराकडून पैसे उचलून संध्याकाळी व्याजासकट फेडणाऱ्या भाजीवालीचा दर रेपोवर ठरतच नाही. म्हणजे भार पडतो तो बँकेच्या कर्जदारावर, ज्याचा टोमॅटोशी संबंध नाही.

तरीही 'अन्नमहागाईकडे दुर्लक्षच करा' हे मला पटत नाही. महागाई ज्यावरून मोजतात त्या आपल्या तेव्हाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. धक्के लागोपाठ बसले की मजुरी वाढवून मागितली जाते, मग खानावळ, रिक्षा, शिकवणी सगळंच महागतं. म्हणून अन्न आणि इंधन वगळून उरलेली महागाई बघायची. तेव्हा ती उतरत होती, आणि माझ्या मते थांबण्याचा निर्णय त्यामुळेच योग्य ठरला.