उशिराच्या मालाबद्दलचा मेल

> «आपणांस झालेल्या असुविधेबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करीत असून आपले अमूल्य सहकार्य सदैव लाभावे ही नम्र विनंती.» माल उशिरा गेला म्हणून जुन्या ग्राहकाला हे लिहिलंय, पण फार जड वाटतंय. काय काढू?

'अंतःकरणपूर्वक', 'अमूल्य', 'सदैव' हे तिन्ही जाऊ द्या. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण या वाक्यात माल कुठे आहे तेच नाही. ग्राहकाला हवी असते तारीख, आणि ती नसली की तिची जागा विशेषणं भरून काढतात. मी असं लिहीन (तपशील तुमचे घाला):

«नमस्कार मॅडम, ७ तारखेला पोचायची ५०० खोकी अजून निघालेली नाहीत. आमचं छपाईचं मशीन बंद पडलं होतं. हे तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, ते राहिलं; माफ करा. गुरुवारी दुपारपर्यंत माल तुमच्या गोदामात येईल. गाडी निघाली की नंबर पाठवतो.»

'दिलगिरी व्यक्त करीत आहोत' म्हणजे माफी मागितल्याची नोंद झाली. 'माफ करा' ही खुद्द माफी. आणि माफी नेमक्या चुकीला जोडलेली असली की ती खरी वाटते. सहकार्याची विनंती इथे नकोच, चूक आपली आहे.

मात्र छाटताना 'नमस्कार' आणि 'माफ करा' उडवू नका, नाहीतर मेल तुसडा वाटतो. जुन्या ग्राहकाला 'तुम्ही' चालतं. नवीन ओळख असेल तर 'आपण' ठेवा, फक्त एकाच मेलमध्ये दोन्ही नकोत. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. फोनवर जे बोलला नसता, ते वाक्य बदला.