उत्तर: पन्नी शेणातून का पडत नाही?

> गाय रवंथ करते, शेणही टाकते. मग पोटातली पन्नी बाहेर का पडत नाही?

कारण पुढची वाट फार अरुंद असते. पहिल्या दोन पोटांतून चारा तिसऱ्यात जातो तो काही मिलिमीटरइतका बारीक झाल्यावरच. कडबा रवंथाने बारीक होतो. पन्नी होत नाही, कुजतही नाही. ती तिथेच राहते आणि सुतळीसकट पिळून तिचा गोळा होतो.

आमच्या शेजाऱ्यांची गाय बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर असायची. गाठ मारलेल्या पन्नीत भाजीचे देठ, शिळा भात. गाय गाठ थोडीच सोडणार! पोट टम्म, म्हणून सगळे म्हणायचे धष्टपुष्ट आहे. पण पाठीचा कणा वर आला होता, रवंथ कमी झाली होती, शेण थोडं आणि चिकट. डॉक्टरांनी डाव्या कुशीत मूठ दाबली तर कणकेसारखा खड्डा तसाच राहिला. जागा बधिर करून, गाय उभी ठेवूनच कूस उघडली. दोन घमेली पन्न्या निघाल्या. भरल्या पोटी उपाशी होती बिचारी, तेही कित्येक महिने.

जुलाबाचं औषध यात कामाचं नाही. गोळा त्या वाटेने जाणारच नाही.

समुद्री कासवाचं थोडं वेगळं: त्याच्या घशात मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे गिळलेली पन्नी सहसा परत ओकता येत नाही.