मदत हवी आहे: कथेतल्या कंडक्टरचा हिशोब रोज अडीच रुपयांनी कसा चुकेल?

पाणवठा
मंडळी, एका लघुकथेत अडकले आहे. काळ 1994 च्या आसपासचा, गाडी लातूर–अंबाजोगाई. कंडक्टर पन्नाशीचा, डेपोत हिशोबाला चोख म्हणून नाव असलेला. आणि त्याच्याच वेबिलावर, म्हणजे ड्यूटीच्या हिशोबाच्या कागदावर, रोज संध्याकाळी अडीच रुपये कमी येऊ लागतात. दोन नाही, तीन नाही, अडीचच.

कारण मी ठरवलंय. रेणापूरला एक शाळकरी पोरगी रोज चढते, तिच्याकडे पैसे नसतात. हा तिचं तिकीट फाडतो, पैसे मागत नाही. मग कॅशियरला संशय येतो. पण आमच्या घरात एसटीत कोणीच नव्हतं. हा फरक कागदावर दिसतो कुठे? कॅशियर त्याला काय विचारेल? तिथं माझं पान कोरं आहे.

जमाखर्च
बँकेत कॅशवर बसायचो, म्हणून सांगतो. फरक आला की आधी त्याला 9 ने भाग जातो का बघायचं. 45 चे 54 लिहिले गेले की 9 चा फरक येतो, 27 चे 72 झाले की 45 चा. आकड्यांची अदलाबदल पकडायची ही जुनी युक्ती. तुमच्या कंडक्टरनं असंच काही केलं असेल.

पाणवठा
अडीच रुपये म्हणजे 250 पैसे. 9 ने भाग जात नाही हो.

जमाखर्च
मग बेरजेत हातचा राहिला असेल.

मोंढा
कंडक्टर आणि चोख? मागच्याच महिन्यात मला सात रुपये परत यायचे होते. सुट्टे नाहीत म्हणून तिकिटामागं 7 लिहून गोल केला. उतरायच्या गडबडीत मी विसरलो. ते सात रुपये कुठं गेले ते सांगा आधी.

जुना बिल्ला
ताई, मी बत्तीस वर्षं बिल्ला लावला, त्यातली निम्म्याहून जास्त तिकिटांच्या ट्रेवर आणि भोक पाडायच्या चिमट्यावर. जमाखर्च साहेबांची युक्ती खोटी नाही, पण ती लिहिण्यातली चूक पकडते. लिहिण्यातली चूक रोज तेवढीच कशी येईल? आज 45 चे 54 केले, तर उद्या आकडेच दुसरे असणार.

आधी हिशोब कसा व्हायचा ते ऐका. गाडीत माणसं किती बसली हे कॅशियर विचारतच नाही. तो तिकिटांचे नंबर बघतो. पाचच्या गठ्ठ्यावर सकाळी वरचं तिकीट 312, संध्याकाळी 340, म्हणजे 28 गेली, 140 रुपये. दोनचा गठ्ठा 605 वरून 646 वर, 41 गेली, 82 रुपये. झाले 222. पिशवीत 220 निघाले तर दोन कमी. आम्ही लगेच ओळखायचो, दोनची दोन तिकिटं चिकटून एकदम फाटली. पावसाळ्यात कागद ओला व्हायचा, बोटाला थुंकी लावून फाडलं की हे व्हायचंच.

आता तुमचे अडीच बघा. त्या भाड्याला दोनचं एक आणि पन्नास पैशाचं एक, अशी दोन तिकिटं फाडावी लागायची. दोन्ही गठ्ठ्यांची तिकिटं रोज चिकटून फाटतील, असं होत नाही. म्हणजे रोज अडीचच कमी म्हणल्यावर एका माणसाचं पूर्ण भाडं आलेलं नाही. ही तुमची कल्पना हिशोबात बसते.

अडचण पुढं आहे. कमी आलेले पैसे कंडक्टर खिडकीवर जायच्या आधीच खिशातून घालतो. मी घातलेत, सगळेच घालतात. कॅशियरला 222 मिळाले, त्याचं काम झालं. त्याला संशय येईल कशाला?

पाणवठा
काका, म्हणजे माझी कथाच गेली!

जुना बिल्ला
गेली नाही. ड्यूटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते वेबिलावर लिहावं लागायचं. वाटेत चेकिंगवाले चढले की पिशवी आणि खिसा दोन्ही मोजायचे. समजा तुमच्या माणसानं सकाळी वीस लिहिले. पोरगी रेणापूरला चढली, आणि ह्यानं तिथंच खिशातले अडीच काढून पिशवीत टाकले. पुढं बर्दापूरच्या अलीकडं चेकिंग झालं, तर पिशवी नंबराला बरोबर, पण खिशात साडेसतरा. चहा घ्यायला गाडी थांबलेली नाही, मग अडीच गेले कुठं? चोख माणूस असेल तर हा प्रश्न त्याला लागेल. खोटं सांगायचं तर चहा म्हणायचा, खरं सांगायचं तर पोरगीचं नाव घ्यायचं.

आणि एक. कमी पैशाला आम्ही भीत नव्हतो. भीती जास्तीच्या पैशाची. पिशवीत नंबरापेक्षा जास्त निघाले की चेकरचा पहिला प्रश्न, कुणाचे पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही?

मोंढा भाऊ, तुमचे सात रुपये तिथंच गेले. पिशवीत राहिले, संध्याकाळी जास्त निघाले. ते भरावेच लागतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच तिकीट घेऊन आलात, तर कंडक्टर त्या दिवशीच्या पैशातून देणार, आणि त्या दिवशी सात कमी. काल जास्त, आज कमी, आणि कागदावर दोन्ही दिवशी तोच खोटा.

मोंढा
मी काय सात रुपयांसाठी परत जाणार होतो होय. पण आता वाईट वाटायलंय.

सायकलवाली
पाणवठा, शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास असतो ना? मग ती बिनपैशाची कशी? कुणीतरी हे विचारणारच. आणि कथा आजची का नाही करत? मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, सुट्ट्यांची मारामारी अजून वाढली.

जुना बिल्ला
आज मशीन आलं. तिकीट चिकटत नाही, बेरीज तेच छापून देतं. सुट्टे मात्र अजून हातानंच द्यायचे. मोबाइलवर पैसे देणारे वाढले तसे तेही घटतील. ट्रेची गंमत त्यात नाही, पण हे माझं म्हाताऱ्याचं मत.

जमाखर्च
एक शंका. पहिल्याच दिवशी वरचं न फाडलेलं तिकीट धरायच्या ऐवजी शेवटचं फाडलेलं धरलं, तर एक तिकीट कमी मोजलं जाईल ना? मग रोज फरक येईल.

जुना बिल्ला
एकदाच येईल साहेब. आज जिथं संपवलं तिथूनच उद्या सुरू. आज एक तिकीट कमी धरलं तर उद्याच्या मोजणीत ते आपोआप येतं. दोन्ही दिवस तशीच चूक केली तर दुसऱ्या दिवशी फरक शून्य. बँकेत पण तसंच नाही का?

जमाखर्च
खरंय. हे लक्षात नव्हतं आलं.

पाणवठा
काका, तुमच्यामुळे अख्खी कथाच फिरली. पासचं लफडं नको, म्हणून पोरगीऐवजी म्हातारी घेते. रेणापूरच्या बाजाराला कोथिंबिरीच्या जुड्या विकायला जाणारी. जाताना तिच्याकडे पैसे नसतात, येताना असतात. येताना ती अडीच रुपये त्याच्या हातावर ठेवते, आणि तिकिटाशिवायचे ते पैसे तो पिशवीत टाकू शकत नाही. खिशात टाकले तर सकाळी लिहिलेल्या विसाला परत जुळतात.

पण परतीच्या फेरीला ती दुसऱ्याच गाडीत बसली, तर? तर तिचे पैसे दुसऱ्या दिवशी येतील आणि खिशात साडेबावीस होतील. तेव्हा चेकिंग झालं तर तो काय सांगेल?

जुना बिल्ला
साडेबावीसला माझ्याकडं पण उत्तर नाही ताई. माझ्या नोकरीत एकदा असंच जास्त निघालं होतं, त्या चेकरला मी जे सांगितलं ते इथं लिहिणार नाही. म्हातारीला त्याच गाडीनं परत आणा.

मोंढा
आणि कोथिंबीर राहिली तर एक जुडी कंडक्टरला द्यायला लावा. ती वेबिलात लिहावी लागत नाही ना काका?