मदत हवी आहे: सॉफ्टवेअरला लांब अर्थाचं नाव द्यावं की छोटा बनवलेला शब्द?

निखिल_डी: दुकानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलंय, भारताबाहेर पण विकायचंय. पार्टनर म्हणतो `Small Shop Billing and Stock Manager` ठेवू, वाचलं की कळतं. मला पाच अक्षरी बनवलेला शब्द हवाय. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, पटकन सांगा.

वाईकर: कुठल्या देशात? ॲप आहे की नुसती वेबसाईट?

निखिल_डी: दोन्ही. आधी दुबई, मग अमेरिका.

मानसी७: ॲप असेल तर तुझ्या पार्टनरला आधी हे मोजून दाखव. त्याचं नाव ३६ अक्षरांचं, आणि प्ले स्टोअर असो की ॲपलचं, मर्यादा ३० ची. कापलं की `Small Shop Billing and Stock M` उरतं, आणि फोनच्या आयकॉनखाली तर त्याहून कमी दिसणार. त्यापेक्षा तुझा शब्द, मग कोलन आणि `Small Shop Billing` असं टाक, २५ मध्ये बसतं आणि बिलिंग शोधणाऱ्यालाही सापडतं.

सदू: डोमेन मिळतंय का बघ, मिळालं की नाव तुझं. आमच्या दुकानाचं शॉप ॲक्टचं काम कोण करून देईल ते पण सांगा कोणीतरी.

मानसी७: सदूभाऊ, डोमेन मिळालं म्हणजे नाव आपलं झालं असं नसतं हो. मायक्रोसॉफ्टकडे स्कायड्राइव्ह होतं, २०१३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात स्काय कंपनीसमोर हरले आणि २०१४ ला वनड्राइव्ह करावं लागलं.

वाईकर: आणि नुसतं काम सांगणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळतच नाही.

मानसी७: मिळतच नाही असं नाही, वर्षानुवर्षं वापरून लोक ते नाव तुमचंच म्हणून ओळखायला लागले तर मिळू शकतं, पण नवीन कंपनीकडे तसा पुरावा कुठून येणार. भारतातल्या अर्जावरून माद्रिद पद्धतीने बाहेर अर्ज करणार असशील तर अजून एक, पहिली पाच वर्षं बाहेरची नोंदणी इथल्या अर्जावर टेकून असते, इथे नाकारला की तीही जाते. म्हणून आधी सॉफ्टवेअरच्या ट्रेडमार्क वर्गांत, म्हणजे ९ आणि ४२ मध्ये शोध घे, भारत, अमिराती, अमेरिका तिन्हीकडे, आणि नुसतं स्पेलिंग नको, उच्चार जुळतो का तेही बघ.

गार्गी: संस्कृत नाव ठेवा ना, 'गणकयंत्र' किती छान आहे!

वाईकर: दुबईत कोण म्हणणार ते. निखिल, तुझा शब्द कुठल्या अक्षराने सुरू होतो?

निखिल_डी: प ने. अख्खा शब्द इथे टाकत नाही.

वाईकर: मग जरा थांब. अरबीत प नाही, बरेचजण ब म्हणतात. फोनवर कोणी नाव सांगितलं की समोरचा B टाईप करणार आणि दुसऱ्याच साईटवर जाणार.

मानसी७: हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण तेवढ्यासाठी शब्द सोडायची गरज नाही, B वालं डोमेनही घे आणि इकडे वळव. शोध मात्र ब च्या उच्चाराचाही करावा लागेल.

वाईकर: मी तर शब्दच बदलला असता, दर वेळी स्पेलिंग सांगत कोण बसणार.

निखिल_डी: B वालं डोमेन आत्ता बघितलं, कोणीतरी घेतलंय. काय चालवतात ते साईट उघडत नाहीये म्हणून कळत नाही. आता?