20 एचपीची जुनी, तीन वेळा वायंडिंग भरलेली मोटर बदलली तर वर्षाला खरंच किती युनिट वाचतील?

प्रोसेसवाला_इचलकरंजी:
आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये थर्मिक फ्लुइड हीटरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला 15 किलोवॅटची, म्हणजे 20 एचपीची चार पोल मोटर आहे. वीसेक वर्षं झाली असतील, तीन वेळा भरून घेतली आहे. फॅन बेल्टवर चालतो. सणवार सोडले तर तो दिवसरात्र चालूच असतो, वर्षाला साधारण 8000 तास धरा. आता बेअरिंगसोबत वायंडिंगही गरम होतंय. वायंडर म्हणतो 14 हजारात भरून देतो. नवी, जास्त कार्यक्षम आयई3 मोटर 68 हजार अधिक जीएसटी सांगताहेत. विक्रेता म्हणतो वर्षाला 15 हजार युनिट वाचतील. आमचा दर सगळं धरून 9 रुपये पडतो. हा आकडा खरा मानू का?

अँपिअरमास्तर:
खरा मानायला हरकत नाही. आमच्याकडे अशीच मोटर बदलली, जुनी 28 अँपिअर घ्यायची, नवी 24 घेते. 4 अँपिअर गुणिले 415 गुणिले 1.732 म्हणजे जवळपास 2.9 किलोवॅट. तासाचे तीन युनिट कमी.

रेवती_ऊर्जा:
अँपिअर कमी झाले हे चांगलंच, पण त्यातून युनिट काढता येत नाहीत. तुमच्या हिशेबात पॉवर फॅक्टर 1 धरला गेलाय. जुन्या मोटरचा पॉवर फॅक्टर खराब असेल तर ती जादा अँपिअर ओढते, पण किलोवॅट तेवढे नसतात. बिल केव्हीएएचवर येत असेल तर त्याचाही फायदा आहे, पण तो कपॅसिटर लावूनही मिळतो. त्यासाठी मोटर बदलावी लागत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांना विचारते: प्रत्यक्ष किलोवॅट मोजले आहेत का? मोटर 15 किलोवॅटची आहे म्हणून लोड 15 असतोच असं नाही. शक्य असेल तर बेल्ट काढून नो लोड किलोवॅट आणि अँपिअर, लोडवर टॅकोने आरपीएम, आणि मोटर गरम असतानाच वायंडिंगचा रेझिस्टन्स घ्या. आरपीएम घेताना फ्रिक्वेन्सीही लिहून ठेवा. 0.1 हर्ट्झचा फरक म्हणजे 3 आरपीएमचा फरक, आणि स्लिप, म्हणजे 1500 पेक्षा वेग जितका कमी तो फरक, मुळातच पन्नासच्या आसपास असते.

माळशिरसचा_शेतकरी:
माझ्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आहे, दोनदा भरली. मीपण नवी घ्यावी का? वर्षाला किती युनिट वाचतील?

वायंडर_कोल्हापूर:
दादा, तुमचा पंप आठ तासांच्या वर चालत नाही, आणि साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज आता माफ आहे. युनिट वाचले तरी पैसा तुमच्या खिशात येणार नाही. मोटर नीट भरून घ्या.

मूळ प्रश्नावर बोलतो. "भरली की मोटर बाद" असं सरसकट म्हणू नका. तेवढेच टर्न, तेवढाच गेज भरला आणि जुनी वायर जाळताना तापमान आटोक्यात ठेवलं तर मोटर होती तशी राहते. बिघडते कुठे? घाईत स्टेटरला उघड्यावर आग लावून वायर काढतात. स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं इन्शुलेशन जळतं, पत्रे एकमेकांना शॉर्ट होतात आणि कोर कायमचा गरम राहायला लागतो. मग वायर कितीही चांगली घाला. स्लॉटमध्ये बसेना म्हणून कुणी पातळ गेज घालतो, तोही लॉस. तुमची मोटर तीन वेळा कुठे भरली, कशी जाळली, ते माहीत आहे का?

प्रोसेसवाला_इचलकरंजी:
दोनदा गावातच, रात्रीत भरून आणली होती. कशी जाळली कल्पना नाही. रविवारी इलेक्ट्रिशियनला बसवून रीडिंग घेतली. लोडवर 13.9 किलोवॅट, 24.2 अँपिअर, 1452 आरपीएम, तेव्हा फ्रिक्वेन्सी बरोबर 50. बेल्ट काढून 1.15 किलोवॅट आणि 12 अँपिअर. दोन फेजमधला गरम रेझिस्टन्स 0.6 ओहम.

रेवती_ऊर्जा:
उत्तम, आता अंदाज करायची गरज फार उरली नाही. लोडवर स्टेटरच्या तांब्यात सुमारे 530 वॅट जातात, स्लिपवरून रोटरमध्ये 400. नो लोडच्या 1150 मधून तेव्हाचा तांब्याचा लॉस 130 वजा केला की कोर आणि घर्षण मिळून 1020 उरतात. हा आकडा मला मोठा वाटतो, वायंडरदादा म्हणतात तशी कोर भाजली गेली असावी. बाकी किरकोळ लॉस 135 धरला तर एकूण 2085 वॅट. म्हणजे शाफ्टला 11.8 किलोवॅट मिळतात, कार्यक्षमता 85 टक्के.

15 किलोवॅट चार पोल आयई3 ची 92.1 टक्के असते, तुमच्या लोडवर 92 धरू. तेवढंच काम करायला तिला 12.84 किलोवॅट लागतील. फरक 1.06 किलोवॅट, गुणिले 8000 तास म्हणजे साधारण 8450 युनिट. 15 हजार नाहीत.

आणि हेही आपोआप मिळणार नाहीत. नव्या मोटरची स्लिप कमी असते. तुमच्या लोडवर ती 1475 च्या आसपास फिरेल. फॅनला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे 1.6 टक्के वेग वाढला की जवळपास 4.8 टक्के जादा शक्ती. मग इनपुट 13.46 किलोवॅट होईल आणि वर्षाला वाचतील जेमतेम 3500 युनिट. बाकीचे पाच हजार युनिट नको असलेली हवा ओढण्यात जातील. नवी मोटर बसवून "काहीच वाचलं नाही" म्हणणाऱ्या कितीतरी ठिकाणी मी हेच पाहिलंय, आणि दोष मोटरला दिला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा फॅन बेल्टवर आहे हे नशीब. मोटरवरची पुली किती मिलीमीटरची आहे?

प्रोसेसवाला_इचलकरंजी:
200. हे आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

रेवती_ऊर्जा:
मग 197 करून घ्या. लेथवर व्ही ग्रूव्ह सारखे खोल करावे लागतील, नुसता बाहेरचा व्यास कापून उपयोग नाही, बेल्ट बसतो तो व्यास बदलला पाहिजे. फ्रेम 160एल असेल तर नवी मोटर त्याच पायावर बसेल. ओव्हरलोड रिले मात्र नव्या अँपिअरला सेट करा. त्या फीडरला एक एनर्जी मीटर टांगा आणि आधीचा आठवडा, नंतरचा आठवडा असं वाचा.

बॉयलर_ऑपरेटर:
डँपर किती उघडा ठेवता? अर्धा बंद असेल तर 197 कशाला, अजून लहान पुली घाला. हवा डँपरने दाबून ठेवायची आणि मोटरचे युनिट मोजत बसायचे, हे उलटं आहे.

प्रोसेसवाला_इचलकरंजी:
साधारण 60 टक्के उघडा. पण पावसाळ्यात ब्रिकेट ओलं येतं, तेव्हा पूर्ण उघडावा लागतो.

बॉयलर_ऑपरेटर:
मग व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह लावा. उन्हाळ्यात वेग कमी, पावसाळ्यात जास्त.

वायंडर_कोल्हापूर:
तिथली धूळ आणि उष्णता बघून ठरवा. पॅनेल थंड राहिलं नाही तर ड्राइव्ह टिकत नाही, मी दोन ठिकाणी बघितलंय.

प्रोसेसवाला_इचलकरंजी (दोन महिन्यांनंतर):
मोटर बदलली. मीटरची रीडिंग टाकतो, 168 तासांच्या आठवड्याची. जुनी मोटर 2335 युनिट. नवी मोटर, जुनी 200 ची पुली: 2265. नवी मोटर, 197 ची पुली: 2165. म्हणजे आधी आठवड्याला 70 आणि पुली बदलल्यावर 170 युनिट कमी. वर्षाला आठ हजारांच्या आसपास. पुली बदलताना बेल्टही नवे टाकले, त्यामुळे त्यातले काही युनिट बेल्टचे असतील, ते वेगळे काढता आले नाहीत. व्हीएफडीचं पावसाळ्याची रीडिंग आल्यावर बघतो. जुनी मोटर स्पेअर म्हणून भरून ठेवू की भंगारात घालू?

वायंडर_कोल्हापूर:
आधी रिकाम्या स्टेटरची कोर टेस्ट करून घ्या. पत्रे एखाद्या जागी चटकन तापले तर भंगार. सगळीकडे सारखे कोमट राहिले तर भरा, ब्रेकडाऊनला आठवडाभर चालवायला चालेल.