शेगडीशिवाय अंडी उकडणे: राईस कुकर की इडलीपात्र?

प्रेषक: अनिरुद्ध
सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी ज्या खोलीत भाड्याने राहतो, तेथे गॅस, शेगडी किंवा हॉटप्लेट यांपैकी काहीही वापरण्यास परवानगी नाही. माझ्याजवळ एकच बटण असलेला लहान, विजेचा राईस कुकर आहे आणि त्याच्यासोबत भोके असलेली वाफेची ताटली मिळालेली आहे. ताटलीवर अंडी ठेवून, खाली अंदाजाने पाणी घालून, बटण आपोआप वर येईपर्यंत मी थांबतो. मात्र कधी बलकाभोवती हिरवट-काळपट कडे येते, तर कधी बलकालगतचा पांढरा भाग बुळबुळीत राहतो. कुकर तोच, अंडी त्याच आकाराची, मग असा फरक का पडावा, हे कोणी सांगू शकेल काय?

प्रेषक: सुनंदा
प्रिय अनिरुद्ध,

तू सरळ इडलीपात्र घे. त्यात दोन पेले पाणी उकळत ठेवावे, इडलीच्या वाट्यांना तेलाचे बोट फिरवावे, प्रत्येक वाटीत एक अंडे फोडून वर मीठ-मिरपूड घालावी आणि झाकण लावून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे वाफवावे. सोलण्याची कटकटच उरत नाही. मात्र वाट्यांना भोके नाहीत ना, एवढे आधी पाहून घे, कारण माझ्या जुन्या स्टँडच्या वाट्यांना वाफेसाठी बारीक भोके आहेत आणि त्यांतून पांढरा भाग ओघळून खालच्या पाण्यात उतरतो. वरच्या ताटलीवरून पाणी ठिबकते, म्हणून एकच ताटली लावलेली बरी.

प्रेषक: माधव
नमस्कार मंडळी,

सुनंदाताईंची कृती चांगली आहे, परंतु अनिरुद्धकडे आच नाही, हाच मूळ प्रश्न आहे. साध्या इडलीपात्राला खालून आच लागतेच. स्टँडची एक ताटली राईस कुकरच्या भांड्यात बसत असेल आणि झाकण घट्ट लागत असेल, तर मात्र ताईंची कृती तेथेही जमेल.

आता फरक का पडतो ते सांगतो. एका बटणाच्या कुकरला वेळ मोजता येत नाही. भांड्याच्या बुडाखाली एक स्प्रिंग लावलेला चुंबक असतो. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, आणि पाणी संपले की ते झपाट्याने त्यापुढे जाते. चुंबकाची ओढ तेथे सुटते आणि बटण टक्कन वर उडते. म्हणजे अंडी किती वेळ शिजणार, हे तुम्ही घातलेले पाणी ठरवते. पाणी अंदाजाने घालणे म्हणजे दर वेळी घड्याळाचा काटा अंदाजाने फिरवणे होय. पाणी जास्त झाले की अंडी गरजेपेक्षा जास्त वेळ वाफेत राहतात, पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांचे संयुग बनते, आणि तेच ते हिरवट कडे. ते खाण्यास अपायकारक नाही, पण बलक कोरडा, पिठूळ होतो. पाणी कमी पडले की बलकालगतचा भाग पुरता गोठण्याआधीच बटण उडते.

फ्रीजमधून काढलेले मध्यम आकाराचे अंडे, वाफ जोमाने येऊ लागल्यापासून बारा-तेरा मिनिटांत पूर्ण घट्ट होते. चारशे वॅटचा कुकर एका मिनिटात सुमारे दहा मिली पाण्याची वाफ करू शकतो, म्हणून शंभर-सव्वाशे मिलीपासून सुरुवात करावी. प्रत्यक्षात झाकणावर साचलेले पाणी परत खाली पडते आणि थोडी वाफ बाहेरही निसटते, तेव्हा या हिशेबावर विसंबण्यापेक्षा एकदा अंड्यांशिवाय नुसते पाणी घालून कुकर लावावा आणि वाफ सुरू झाल्यापासून बटण उडेपर्यंतचा वेळ मोजावा. मोजण्यासाठी औषधाच्या बाटलीचे झाकण पुरते, फक्त दर वेळी तेच वापरावे.

बलक मऊ हवा असेल, तर बटणाची वाट पाहू नये. पाणी पुरेसे घालून, सहा-सात मिनिटांनी अंडी चिमट्याने बाहेर काढावीत. मात्र ज्यांना कच्चट बलक वर्ज्य आहे, म्हणजे गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध, त्यांच्यासाठी घट्टच उकडावे. बटण उडाल्यावर अंडी तशीच आत ठेवू नयेत, कारण वॉर्मवरही ती हळूहळू शिजतच राहतात.

प्रेषक: नीलेश
माधवकाका,

एवढा हिशेब कशाला? मी भात लावतानाच अंडी तांदळात खोचून ठेवतो. भात होतो, अंडीही होतात. आणि थंड पाण्यात टाकली की साल चुटकीसरशी निघते. माझा कुकर मात्र डिजिटल आहे, त्याला बटण उडण्याचा प्रकारच नाही.

प्रेषक: माधव
नीलेश,

वीज वाचते हे खरे, पण भाताला एकंदर वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तांदळात पुरलेली अंडी तेवढा वेळ आतच राहतात. तुझ्या बलकाभोवती कडे येत असणार. शिवाय सालीवरची घाण भातात उतरते. अंडी भाताच्या वर, ताटलीवर ठेवावीत, आणि भात अर्धा झाला की झाकण चटकन उघडून ठेवावीत.

थंड पाण्याने शिजणे थांबते, हे बरोबर आहे, पण साल सुटण्याचे श्रेय मी त्याला देणार नाही. अंडी गार पाण्यातून हळूहळू तापवली तर साल चिकटते, आणि थेट गरम वाफेत ठेवली तर ती सहज सुटते. अगदी ताजी अंडी मात्र कशीही शिजवली तरी त्रास देतात.

प्रेषक: अनिरुद्ध
माधवकाका, आपले मनापासून आभार.

नुसते १२० मिली पाणी घालून पाहिले. वाफ चौथ्या मिनिटाला सुरू झाली आणि त्यानंतर चौदा मिनिटांनी बटण उडाले, म्हणून पुढच्या वेळी ११० मिली घेऊन वाफ आल्यावर दोन अंडी ठेवली. बलक घट्ट झाला, कडे आले नाही. मग तेवढ्याच पाण्यात सहा अंडी ठेवली. त्यांना पाणी वाढवायला हवे होते, असे मला वाटत होते, पण बटणच उशिरा उडाले आणि अंडी तशीच छान झाली. हे कसे?

प्रेषक: माधव
थंड अंड्यांवर वाफ गोठते आणि ते पाणी पुन्हा खाली पडते. अंडी जितकी जास्त, तितकी सुरुवातीची वाफ त्यांना तापवण्यात खर्च होते, पण तेवढेच पाणी भांड्यात परत येत असल्यामुळे कुकर जास्त वेळ चालतो. म्हणून अंड्यांची संख्या बदलली तरी पाण्यात फार फेरफार करावा लागत नाही. अंडी मात्र एकमेकांवर रचू नयेत आणि ताटलीची सगळी भोके झाकू नयेत.

दुसरी खेप लगेच लावायची असेल, तर बुड निवेपर्यंत बटण खाली टिकत नाही. नवे थंड पाणी घातले की ते लवकर निवते.

प्रेषक: सुनंदा
माझ्या लेकीकडेही नीलेशसारखाच डिजिटल कुकर आहे. त्यात वाफेचा वेगळा पर्याय आहे, पण दिलेली मिनिटे बटण दाबल्यापासून मोजली जातात की उकळी आल्यापासून, हे तिला कळत नाही. तिने बारा मिनिटे लावली, तर बलक आतून पातळच निघाला. नीलेश, तुझ्या कुकरात काय होते, ते पाहून कळवशील का?